अनुभव धागा : ‘चांगलं झालंय का?’ एवढेच विचारले, तर चित्राबद्दल काय सांगावे?

धागाकर्ती

छंद म्हणून चित्रे काढणारी व्यक्ती आपल्या चित्राचा फोटो पाठवते आणि त्याखाली एवढेच लिहिते, की चांगलं झालंय का. चित्र आपल्यासमोर नसते, ते कशासाठी काढले हे माहीत नसते, आणि उत्तर मात्र द्यायचे असते. अशा वेळी तुम्ही काय सांगितले आणि त्याचा काढणाऱ्याला काय उपयोग झाला, किंवा तुम्हीच विचारणारे असाल तर कोणते उत्तर कामी आले, हे कृपया तपशिलाने लिहावे. सुरुवात मी करते.

परिचयातील एका ताईंनी वडिलांच्या जुन्या कृष्णधवल फोटोवरून ॲक्रिलिक रंगांत त्यांचे व्यक्तिचित्र केले होते. चित्राचा फोटो पाहून आधीच्या काही जणांनी हनुवटी जड झाल्याचे सांगितले होते, एकाला त्वचा पिवळट वाटली होती, आणि ताई हनुवटी झाकून पुन्हा रंगवण्याच्या बेतात होत्या. मला चेहऱ्याच्या आधी कॅनव्हासच्या कडा खटकल्या. खालची कड वरच्या कडेपेक्षा स्पष्टपणे लांब दिसत होती, आणि दोन्ही उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकत होत्या. कॅनव्हास भिंतीला तिरका टेकवून, फोन खाली धरून, जवळून फोटो घेतला की असेच होते: जवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान येतो, म्हणजे चेहऱ्यात हनुवटी मोठी आणि कपाळ अरुंद होते. चित्रात नसलेला दोष त्या दुरुस्त करायला निघाल्या होत्या.

मी त्यांना फोटो पुन्हा घ्यायला सांगितला. दिवसाच्या उजेडात, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी कॅनव्हास सरळ उभा करावा, खोलीतला दिवा बंद ठेवावा, फोन चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरावा आणि जवळ जाण्याऐवजी दोन-तीन पावले मागे सरून झूम करावे, चारही कडा फोटोत याव्यात आणि चित्राशेजारी एक कोरा पांढरा कागद असावा, एवढेच. कागदामुळे पिवळेपणा दिव्याचा की रंगाचा हे लगेच कळते, कारण कागदही पिवळा दिसत असेल तर त्वचेबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. नव्या फोटोत हनुवटी प्रमाणात होती आणि त्वचेचा पिवळटपणाही गेला होता.

मग मी विचारले, की हे चित्र कोणासाठी आहे. उत्तर आले, “आईसाठी. तिने बघताक्षणी बाबांना ओळखावे, बाकी काही नाही.” त्या उत्तराने माझे काम पुष्कळ सोपे झाले. मूळ फोटो मागवून दोन्ही प्रतिमा सारख्या आकाराच्या केल्या आणि प्रत्येकीवर दोन रेषा काढल्या, एक डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांना जोडणारी आणि दुसरी ओठांच्या कोपऱ्यांना जोडणारी. मूळ फोटोत त्या जवळपास समांतर होत्या, तर चित्रात ओठांची रेषा उजवीकडे किंचित उतरली होती आणि त्यामुळे हसरा माणूस नाराज दिसत होता. कान सपाट झाला होता, पार्श्वभूमीवर ब्रशचे डाग राहिले होते, पण मी ते सांगितले नाही, कारण माणूस ओळखताना नजर कानाकडे जात नाही. ओठांचा तो एक कोपरा अगदी थोडा, जेमतेम तीन मिलिमीटर वर घ्यावा, एवढेच लिहिले. जुना कोपरा झाकण्यासाठी जो त्वचेचा रंग मिसळाल तो डोळ्यांना हवा वाटतो त्यापेक्षा किंचित उजळ ठेवा, कारण ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होते, आणि आधी वेगळ्या कागदावर वाळवून पाहा, हेही त्यात जोडले. चित्र आईंना पोहोचल्यावर कानाबद्दल कोणीही विचारले नाही.

ओलाकागद

मी जलरंगात काम करतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्यांच्या बाजूला असतो, म्हणून जलरंगापुरती एक गोष्ट मांडतो. ॲक्रिलिकमध्ये ओठांचा कोपरा वर घेता येतो, पण वाळलेल्या जलरंगात तशी सोय फार थोडी असते. काही रंग ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलले जातात, पण थॅलो निळ्यासारखे रंग कागदाच्या तंतूंत बसले की डाग राहतोच, आणि जास्त घासले की कागदाचा पृष्ठभाग उठतो. त्यामुळे “आकाश थोडे फिके हवे होते” हा सल्ला पूर्ण झालेल्या चित्राला लागू करता येत नाही, तो फक्त पुढच्या चित्रासाठी असतो, आणि तसे स्पष्ट म्हटले नाही तर विचारणारा रात्री बसून चित्र घासतो. मी हे होताना पाहिले आहे.

दुसरे असे, की माझ्या एका चित्रात अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पाण्याचा थेंब पडून फुलकोबीसारखी कडा उमटली होती. तीन जणांनी तिला दोष म्हटले. मला तीच झाडाच्या घेरासाठी हवी होती आणि मी थेंब मुद्दाम टाकला होता. “ही कडा ठरवून आली आहे का?” एवढे एकाने जरी विचारले असते, तरी पुढची चर्चा उपयोगाची झाली असती.

छटाप्रेमी

मला वाटते की एवढ्या प्रश्नोत्तरांची गरज नसते. मी कोणतेही चित्र पाहिले की फोनवर त्याचा फोटो कृष्णधवल करतो. उजळ, मध्यम आणि गडद असे तीन गट वेगळे दिसले तर चित्र उभे राहते, सगळे एकाच राखाडी रंगात मिसळले तर ते कच्चे आहे. ही कसोटी हेतूवर अवलंबून नाही आणि काढणाऱ्यालाही लगेच पटते, कारण तो स्वतः करून पाहू शकतो.

कलाशिक्षिका (निवृत्त)

छटाप्रेमी, ही कसोटी मीही विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवली, आणि नवशिक्यांच्या निसर्गचित्रांत ती फार लवकर दोष दाखवते हे खरे आहे. परंतु ती प्रत्येक चित्राला लावता येत नाही. क्लोद मोने यांचे १८७२ सालचे ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे चित्र कृष्णधवल करून पाहा: त्यातला नारिंगी सूर्य आजूबाजूच्या आकाशात जवळजवळ नाहीसा होतो, कारण दोघांची उजळता सारखीच आहे आणि फरक फक्त रंगाचा आहे. त्या सूर्याची थरथर तिथूनच येते. कोणी धुक्याचे, फिक्या रंगांचे किंवा सपाट सजावटीचे चित्र ठरवून केले असेल, तर तुमच्या कसोटीने त्याचा हेतूच दोष ठरेल.

शिवाय फोनच्या फोटोत छटा मुळात बदललेल्या असतात. बहुतांश पांढरे असलेले चित्र फोन राखाडी करतो, काळोखाचे चित्र उजळवतो, आणि सावलीतला तपशील आपणहून वर आणतो. म्हणून राखाडी फोटो पाहून “गडद भाग पुरेसे गडद नाहीत” असे म्हणण्याआधी मी विचारते, की चित्र प्रत्यक्षात पाहताना सर्वांत गडद जागा कोणती वाटते. फोटोत ती जागा वेगळी दिसत असेल, तर मी छटांवर बोलत नाही.

नवाब्रश

नमस्कार. मी चार-पाच महिन्यांपासून रंगवतो आहे. माझा प्रश्न असा, की चित्रांचे फोटो काढण्यासाठी कोणता फोन घ्यावा? माझ्या तैलचित्रांवर नेहमी पांढरी चकाकी येते.

धागाकर्ती

नवाब्रश, धागा फोनच्या निवडीचा नाही, पण चकाकीचा प्रश्न अगदी जागेवरचा आहे, कारण तिलाच पाहणारे कधी कधी पांढरा रंग समजतात. फोन बदलण्याची गरज नाही. उजेड समोरून न येता बाजूने, साधारण पंचेचाळीस अंशांतून पडेल असे चित्र ठेवा, आणि फ्लॅश बंद करा. चकाकी हलते का ते पाहा: तुम्ही एक पाऊल डावीकडे सरकल्यावर पांढरा डागही सरकला तर तो उजेड, जागेवर राहिला तर रंग. एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पिवळा दिवा असे कधीही ठेवू नका, कारण मग चित्राचा अर्धा भाग निळसर आणि अर्धा पिवळट येतो, आणि तो नंतर एका दुरुस्तीत सरळ होत नाही.

संध्याछाया

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहिते. दिवसभराच्या कामानंतर अर्धा तास रंगवणे एवढाच माझा छंद आहे. मी एकदा चित्र दाखवले आणि “चांगलं आहे का” असे विचारले, तर उत्तरादाखल प्रश्नांची यादी आली: कोणासाठी, कोणता कागद, मूळ फोटो आहे का, तुम्हाला काय साधायचे होते. मला काहीच साधायचे नव्हते. मला परीक्षेला बसल्यासारखे वाटले आणि त्यानंतर मी बराच काळ चित्र दाखवले नाही. हेतू विचारणे योग्य असेल, पण हेतू नाही हेही एक उत्तर असते आणि ते ऐकण्याची तयारी समोरच्याकडे असायला हवी.

कलाशिक्षिका (निवृत्त)

संध्याछाया, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून मी आता प्रश्नाने सुरुवात करत नाही. आधी चित्रात मला काय दिसले ते एका वाक्यात लिहिते, कौतुक म्हणून नव्हे, तर निरीक्षण म्हणून: “माझी नजर आधी डाव्या बाजूच्या लाल छपरावर गेली आणि तिथेच राहिली.” काढणाऱ्याला नजर छपरावर जायला हवी असेल तर त्याला तेवढ्यात समाधान मिळते, त्याला पुढची होडी महत्त्वाची वाटत असेल तर तोच लिहितो, की होडीकडे कोणी पाहत नाही, काय करू. तिथून पुढे सल्ला मागितलेला असतो. आणि कोणी काहीच लिहिले नाही, तर मीही तिथेच थांबते.

छटाप्रेमी

मोने यांचे चित्र कृष्णधवल करून पाहिले, सूर्य खरोखरच विरघळतो. तरीही नवशिक्याने फिके चित्र ठरवून काढले की त्याला गडद रंगाची भीती वाटली, हे बाहेरून कसे ओळखायचे?

ओलाकागद

मी त्या व्यक्तीची आधीची दोन-तीन चित्रे मागतो. सगळीकडे गडद रंग तितकाच फिका असेल तर बहुधा भीती असते, आणि एखाद्या चित्रात खोल सावली आलेली असेल तर या चित्रातला फिकेपणा निवडलेला असतो. जलरंगात आणखी एक कारण मात्र नेहमी शक्य असते: ओला असताना रंग पुरेसा गडद वाटला आणि वाळल्यावर फिका झाला, ज्यात भीतीही नाही आणि निवडही नाही. ते ओळखण्याची खात्रीची युक्ती माझ्याकडे नाही, कोणाकडे असेल तर लिहावी.