मदत हवी आहे: लोणच्याच्या लेबलवरचे 'नैसर्गिक', 'घरगुती', 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' कसे दुरुस्त करू?

शुद्धमजकूर

कुडाळ भागातल्या एका लहान कारखान्याच्या कैरीच्या लोणच्याचं लेबल माझ्याकडे संपादनाला आलंय. पुढच्या बाजूला मजकूर असा आहे:

"१००% नैसर्गिक! अस्सल घरगुती लोणचे. प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री, केमिकल-फ्री."

मागच्या बाजूला घटक असे: कैरीच्या फोडी, रिफाइंड सरकी तेल, आयोडीनयुक्त मीठ, मोहरीची डाळ, लाल तिखट, मेथी, हळद, हिंग, आम्लता नियंत्रक (आयएनएस २६०).

माल औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात तयार होतो. मालक म्हणतात, "आम्ही बेंझोएट घालत नाही, मग अडचण काय?" मला प्रत्येक शब्दामागे पुरावा ठेवता येईल असा मजकूर करून द्यायचाय. कुठून सुरुवात करू?

चवदार_कोकण

'नैसर्गिक' ठेवा की. कैरी, मोहरी, मेथी, हळद, सगळं झाडावरचंच आहे. 'घरगुती'च्या जागी 'पारंपरिक' टाका. मीठ आणि तेल ही काही प्रिझर्व्हेटिव्ह नव्हेत, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे बेंझोएट आणि सॉर्बेट. ते नसेल तर 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' बिनधास्त लिहा.

लेबलतपासनीस

वरच्या उत्तरातला बेंझोएटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्याकडे शेवटी येते. आधी 'नैसर्गिक'.

एफएसएसएआयच्या २०१८च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत या शब्दाला अटी आहेत. पदार्थ एकच हवा, नैसर्गिक स्रोतातला हवा, त्यात वरून काही घातलेलं नको, आणि प्रक्रिया खाण्यायोग्य करण्यापुरतीच हवी, म्हणजे भाजणं, वाळवणं, गोठवणं, पाश्चरायझेशन असली. निव्वळ वाळवलेली आमसुलं या चौकटीत बसवता येतात. अनेक घटकांच्या पदार्थाला थेट किंवा आडून 'नैसर्गिक' म्हणताच येत नाही. लोणचं तिथेच बाद होतं, मग ते कितीही शुद्ध असो.

अशा पदार्थाला 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेले' म्हणायची वाट आहे, पण त्यासाठी झाडून सगळे घटक आणि ॲडिटिव्ह त्याच अटींत बसले पाहिजेत. तुमची यादी या चाळणीतून काढून बघा. तेलाचं फक्त भौतिक शुद्धीकरण चालतं. सरकीचं रिफाइंड तेल सहसा कॉस्टिक सोड्याने उदासीन केलेलं असतं, शिवाय त्यात अँटिऑक्सिडंट असू शकतं. मिठात आयोडीन घातलेलं आहे आणि बहुतेक वेळा गुठळ्या होऊ नयेत म्हणून आणखी एक ॲडिटिव्ह असतं. आयएनएस २६० म्हणजे ॲसिटिक ॲसिड, बाजारात कॅनमध्ये मिळतं ते सहसा कृत्रिमच असतं. नऊपैकी तीन घटक इथेच गळले, म्हणून हेही वाक्य सोडा.

'१००%' तर आधी काढा. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने लेबल आणि जाहिरातींत हा आकडा वापरू नका अशी सूचना दिली आहे, कारण नियमांत त्याला अर्थच दिलेला नाही.

'पारंपरिक'ने सुटका होत नाही. पाककृती किंवा पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आणि मुळातून न बदललेली आहे हे दाखवता यायला हवं. सरकीचं रिफाइंड तेल आणि ॲसिटिक ॲसिड घातलेल्या पाककृतीसाठी ते कसं दाखवणार?

हिंगवाले_काका

हिंगाकडे कुणी बघितलं नाही. बाजारात मिळतो तो बांधानी हिंग, त्यात डिंक आणि मैदा असतो. हिंगाच्या डब्यावरचे घटक वाचा. मैदा असेल तर लोणच्याच्या घटकांत 'हिंग' एवढंच लिहून भागत नाही, गव्हाची ॲलर्जी सूचनाही लागते. पुढच्या बाजूला दावे रंगवायचे आणि मागे गहू गाळायचा, हे पकडलं गेलं तर दंड होतोच, पण त्याआधी एखाद्या गहू न चालणाऱ्या माणसाला त्रास होतो.

शुद्धमजकूर

हिंगाचं लक्षातच आलं नव्हतं. कारखान्यातून डब्याचा फोटो मागवला, घटकांत मैदा आहे. आता 'घरगुती'?

लेबलतपासनीस

'घरगुती' वाचून माणसाला काय वाटतं ते बघायचं. त्याला घरातलं स्वयंपाकघर दिसतं. त्याच लेबलवर उत्पादनाचा पत्ता प्लॉट नंबर आणि औद्योगिक वसाहत सांगत असेल तर लेबल स्वतःच दावा खोडतं. घरातच, त्याच पत्त्याच्या एफएसएसएआय नोंदणीवर माल करणाऱ्या बाईंनी हा शब्द वापरला तर त्यांच्याजवळ उत्तर आहे. तुमच्या मालकांजवळ नाही. 'घरगुती चवीचे' लिहिलं तरी छाप तीच पडते, आणि चव सिद्ध करायला कागद नसतो.

त्याऐवजी गाळ्यात खरोखर काय होतं ते विचारा. मोहरीची डाळ तिथेच भरडतात का? फोडणी किती किलोच्या घाण्याला देतात? उत्तर मिळालं तर 'मोहरी भरडून, फोडणी देऊन कालवलेले' असं लिहिता येईल. मोहरीच्या खरेदीचं बिल आणि रोजच्या बॅचचा कागद हा त्याचा पुरावा. ग्राहकालाही 'अस्सल'पेक्षा यातून जास्त कळतं, असं माझं ठाम मत आहे.

मसाला_घाऊक

आमच्या हळद पावडरच्या पाकिटावर 'कृत्रिम रंग नाही' असं आहे. ते चालतं ना? यातही काही घातलेलं नाही.

लेबलतपासनीस

तुमचं प्रकरण वेगळं आहे. हळद पावडरीत रंग घालायला मुळात परवानगीच नाही. जे कुणालाच घालता येत नाही ते 'आम्ही घालत नाही' म्हटलं की शेजारच्या दुकानदाराचा माल रंग घातलेला आहे असा अर्थ निघतो. 'अमुक घातलेलं नाही' या दाव्याला तीन गोष्टी लागतात: ते त्या पदार्थात घालायची परवानगी असावी, ते थेट किंवा कच्च्या मालातून आलेलं नसावं, आणि त्याच कामासाठी दुसरं काही घातलेलं नसावं. तुमचा दावा पहिल्याच अटीवर अडतो. ती ओळ काढा.

शुद्धमजकूर, लोणच्याला हीच तीन मापं लावा. लोणच्यात बेंझोएटला परवानगी आहे, म्हणजे पहिली अट पूर्ण. दुसरीसाठी एक प्रश्न विचारा: कैरी ताजी घेतात की खारवलेल्या फोडींचे ड्रम?

शुद्धमजकूर

आत्ताच विचारलं. एप्रिल-मेमध्ये ताजी, त्यानंतर वर्षभर ड्रमच्या फोडी. पण त्या धुऊन खारटपणा काढून वापरतात म्हणे.

लेबलतपासनीस

मग दाव्याचं खरं भोक इथे आहे. ड्रममधल्या फोडींचा रंग टिकावा म्हणून मिठाच्या पाण्यात मेटाबायसल्फाइट आणि त्या करकरीत राहाव्यात म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालायची पद्धत आहे, कधी बेंझोएटही असतं. फोडी कित्येक महिने जुन्या असून फिकट, एकसारख्या पिवळ्या आणि टणक दिसत असतील तर शंका घ्यायलाच हवी. धुतल्याने प्रमाण घटतं, सगळं जात नाही. मालकांनी स्वतः काही घातलं नाही हे खरं असेल, पण ते कच्च्या मालातून आलेलं असू शकतं. आणि सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त निघालं तर ॲलर्जी सूचनेत तेही लिहावं लागतं.

पुरवठादाराकडून खारवण्याच्या पाण्यात काय काय आणि किती घातलं हे सहीशिक्क्यानिशी लेखी घ्या, लॉट नंबरसकट. 'माल चांगला आहे' अशा पत्राचा उपयोग नाही. मग तयार लोणच्याचा नमुना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या: बेंझोइक आणि सॉर्बिक ॲसिड एचपीएलसी पद्धतीने, आणि सल्फाइटसाठी सल्फर डायऑक्साइड वेगळं. नमुना ड्रमच्या फोडींच्या बॅचचा द्या. मे महिन्यातल्या ताज्या कैरीचा अहवाल दिवाळीच्या बॅचला कामाचा नाही.

प्रयोगशाळा_नाशिक

यात एक भर. सल्फर डायऑक्साइडची नेहमीची ऊर्ध्वपातनाची पद्धत मोहरी आणि लसूण असलेल्या पदार्थात फसते. त्यांच्यातली नैसर्गिक गंधक-संयुगं तापल्यावर सल्फाइटसारखीच मोजली जातात, आणि काही न घालताही आकडा येतो. लोणच्यात मोहरी भरपूर असते, म्हणून नमुना देतानाच तसं लिहून द्या आणि एलसी-एमएस पद्धत आहे का विचारा. नसेल तर धुतलेल्या फोडी मसाला लागण्याआधी वेगळ्या तपासून घ्या, ते स्वस्तही पडतं. बेंझोइक ॲसिड अगदी थोडं दिसलं तर लगेच घाबरू नका, दालचिनी-लवंगेत ते मुळातच असतं. पण तुमच्या घटकांत ते मसाले नाहीत, तेव्हा आकडा आला तर आधी ड्रमकडेच बघा.

चवदार_कोकण

समजा ताज्याच कैरीची बॅच आहे. मग तरी 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' चालेल ना?

लेबलतपासनीस

माझं मत, नाही. आपल्या नियमांत जुनी विभागणी आहे: मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध, खाद्यतेल ही पहिल्या वर्गातली प्रिझर्व्हेटिव्ह आणि बेंझोएट, सॉर्बेट, सल्फाइट ही दुसऱ्या वर्गातली. म्हणजे मीठ-तेलाचं लोणचं मुळात प्रिझर्व्हेटिव्हवरच टिकतं. शिवाय इथे ॲसिटिक ॲसिड आहे. ते आम्लता नियंत्रक म्हणून लिहिलंय, पण बुरशी आणि यीस्ट रोखायचं कामही तेच करतं. बेंझोएट काढून त्याच्या जागी ॲसिड वाढवलं असेल तर तिसरी अट मोडते.

मी मोघम शब्द काढून नाव घेईन: 'बेंझोएट, सॉर्बेट, सल्फाइट घातलेले नाही.' हे तपासता येतं.

प्रयोगशाळा_नाशिक

ॲसिटिक ॲसिडबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते पाककृतीत पहिल्यापासून आंबटपणासाठी असेल आणि प्रमाण बदललेलं नसेल तर त्याला बदली म्हणता येणार नाही. जुन्या बॅचचे कागद दाखवता आले तर नाव घेऊन केलेला दावा टिकेल.

लेबलतपासनीस

कागद असतील तर तुमचं म्हणणं मांडता येईल. तरी अधिकारी कोणत्या बाजूने बघेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी असते तर पाककृतीतून ॲसिड काढता येतं का ते आधी विचारलं असतं.

शुद्धमजकूर

'केमिकल-फ्री' काढलंच, मीठसुद्धा रसायनच. नवा मजकूर असा:

"कैरीचे लोणचे. मोहरी भरडून, फोडणी देऊन कालवलेले. बेंझोएट, सॉर्बेट, सल्फाइट घातलेले नाही."

मागे हिंगाचे घटक उघडून लिहिले, गव्हाची सूचना टाकली. इंग्रजी मजकूरही याच अर्थाचा केला. एक अडचण उरली. ब्रँडच्या नावातच 'नॅचरल' आहे आणि मालक ते बदलायला तयार नाहीत.

लेबलतपासनीस

नाव ठेवता येतं, पण हे निव्वळ ब्रँडनाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप त्यातून कळत नाही, अशी सूचना लेबलवर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत लागते. ती घडीत किंवा सीलखाली जाणार नाही हे प्रूफवर बघा.

शेवटची ओळ मात्र ड्रमच्या बॅचचा अहवाल हातात येईपर्यंत छापू नका. आणि मालकांना लिहून द्या: पुरवठादार, तेल, हिंग किंवा ॲसिडचं प्रमाण बदललं की ती ओळ पुन्हा तपासायची. इन्स्टाग्राम आणि विक्रीच्या ॲपवरचा मजकूरही आजच बदला. तिथे जुनं 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' राहिलं तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते आणि त्याला १० लाखांपर्यंत दंड आहे.

शुद्धमजकूर

ॲपवरचं आज बदलतो. छापलेले जुने पाऊच बरेच पडून आहेत, त्यांच्यावर दाव्याच्या जागी स्टिकर चिकटवलं तर चालेल का?

हिंगवाले_काका

स्टिकर लावायच्या आधी तुमच्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोपर्यंत त्या पाऊचमधून माल बाहेर काढू नका, त्यांच्यावर गव्हाची सूचना नाही.