पुटिका 'फुटते' की आणखी काही?

चिंचोका: मधुमेहावरचं एक माहितीपत्रक मराठीत आणतेय. एक वाक्य असं झालंय: 'पेशीतली पुटिका फुटते आणि इन्सुलिन बाहेर पडतं.' पुटिका म्हणजे पेशीतली इवलीशी पिशवी, तिला 'फुटते' खटकतंय. दुसरं क्रियापद सुचवा.

ओसरी: क्रियापद राहू दे, आधी 'पुटिका'च बदला. शाळेच्या पुस्तकात 'रिक्तिका' आहे.

खडूफळा: ती वेगळी. रिक्तिका म्हणजे व्हॅक्युओल, इथे व्हेसिकल आहे, पुटिकाच हवी. पण 'फुटते' नको. फुगा फुटला की चिंध्या उरतात. इथे पुटिकेचं पटल पेशीच्या पटलाला भिडतं, दोन्ही जोडली जातात आणि आतला माल आपसूक बाहेरच्या अंगाला येतो. ते पटल पेशी नंतर परत आत ओढून घेते.

निवांत: इन्सुलिन पेशीतल्या गॉल्जी नावाच्या पिशव्यांत तयार होतं, पुटिका नुसती हमाल. 'पोचवते' लिहा.

खडूफळा: हमाल म्हणणं अन्यायाचं आहे. सुरुवात प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर होते, 110 अमिनो आम्लांची साखळी. तिची पहिली 24 म्हणजे पाकिटावरचा पत्ता. तो बाहेर डोकावला की रायबोसोम साखळीसकट पेशीतल्या पटलांच्या जाळ्याला, म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेला, येऊन चिकटतो. असे रायबोसोम चिकटलेले असतात म्हणून तर ती खडबडीत. साखळी आत शिरते, पत्ता कापला जातो, उरलेल्या 86 ची घडी बसते आणि तीन गंधकी टाके पडतात. घडी बिघडली तर माल सहसा तिथेच अडतो. नीट बसली तर छोट्या पुटिकांतून गॉल्जीत. गॉल्जी तो निवडून स्रावी पुटिकांत भरते, आणि शेवटची काटछाट मुख्यतः त्या पुटिकांतच होते! 51 चं इन्सुलिन, 31 चं सी-पेप्टाइड, मधली 4 गळतात.

पानसुपारी: सी-पेप्टाइड! आईच्या रिपोर्टात हेच होतं. ती इन्सुलिन टोचून घेते, मग सरळ इन्सुलिनच का नाही मोजलं?

खडूफळा: रक्तातलं इन्सुलिन टोचलेलंही असू शकतं. सी-पेप्टाइड इंजेक्शनमध्ये नसतं. पुटिका उघडते तेव्हा दोन्ही सारख्याच संख्येने बाहेर पडतात, म्हणून स्वतःच्या स्वादुपिंडाचा हिशोब त्यावरून लागतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र आकडा फुगून दिसतो. ते डॉक्टरांनाच विचारा.

ओसरी: आणि गॉल्जी हे नाव गोल पिशव्यांवरून ना?

खडूफळा: पिशव्या चपट्या असतात हो, पोळ्यांच्या चळतीसारख्या. नाव कामिल्लो गॉल्जी या इटालियन माणसाचं, 1898 मध्ये त्याने ती दाखवली. इटालियन असल्यामुळेच 'गी' नाही, 'जी'.

चिंचोका: मग असं करते: 'पुटिका पेशीपटलात मिसळते आणि तिच्यातलं इन्सुलिन बाहेर सुटतं.'

निवांत: 'मिसळते' म्हटलं की दुधात साखर विरघळल्यासारखं वाटतं. 'एकजीव होते'?

ओसरी: एकजीव तर पिठलं होतं.

चिंचोका: 'जुळते' चालेल का? उद्या दुपारपर्यंत पत्रक द्यायचंय.