मदत हवी आहे: काट्यावरच्या नानांसाठी दोन मिनिटांचं निरोपाचं भाषण

कपाशीचा_हिशेब
मंडळी, आमची जिनिंग धरणगावकडची. काट्यावरचे नाना महिनाअखेरीस रिटायर होताहेत. दांडीचा काटा होता तेव्हापासून ते इथे आहेत, म्हणजे तीसेक वर्षं तरी झालीच. कार्यक्रम आवारातच आहे. मालक, ऑफिसातले, हमाल, काही जुने शेतकरी आणि नानांच्या घरचे असतील. नंतर भरीत-पुरी. मालक म्हणाले, "तू बोल, पण दोन मिनिटं. भरीत निवायला नको."
लिहायला बसलो की हे येतं: "नाना म्हणजे मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख व्यक्तिमत्त्व. आपल्या प्रदीर्घ सेवेत त्यांनी…" अशी तीन पानं झाली. नानांच्या जागी कुणाचंही नाव घातलं तरी चालेल असं ते वाटतंय. काय ठेवू, काय काढू?

शायर_चोपडेकर
चारोळीने सुरुवात कर, टाळ्या हमखास. मग नानांचा जन्म, शिक्षण, नोकरी, कुटुंब असं क्रमाने घे. आणि खरंच लहान ठेव, भरताचा वास सुटला की कोणी ऐकत नाही.

भुसावळ_लोको
भाषणाचं होईल हो. ग्रॅच्युइटीचं पाहिलं का? शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. पीएफच्या पेन्शनसाठी फॉर्म 10-डी वेगळा भरावा लागतो. आमच्या शेजाऱ्यांनी पीएफ काढला आणि पेन्शनचा फॉर्म भरायचा राहिला, मग चकरा मारत बसले.

कपाशीचा_हिशेब
दादा, ते अकाउंटंट बघताहेत, तरी 10-डीचं त्यांना विचारतो. माझा प्रश्न फक्त माइकवरच्या दोन मिनिटांचा आहे.

जुना_मास्तर
शाळेत असताना अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन बरंच केलंय, म्हणून सांगतो. जन्म-शिक्षण सूत्रसंचालक सांगणार, विशेषणं पाहुणे सांगणार, चारोळी तर तिघं म्हणणार. तुमच्याकडे ते हवं जे फक्त सोबत काम करणाऱ्याला ठाऊक असतं.
दोन मिनिटं म्हणजे सावकाश बोललं तर दोनशेच्या आसपास शब्द. त्यात एकच प्रसंग बसतो, दोन कोंबले की दोन्ही वाया जातात. तेव्हा नाना कसे होते ते राहू द्या, ते काय करायचे ते सांगा. रोज काट्यावर त्यांची अशी कोणती सवय होती, जी दुसरा माणूस बसला की लगेच जाणवते?

कपाशीचा_हिशेब
सवय आहे. काट्यावरचा आकडा हलत असेपर्यंत ते पावतीला हात लावत नाहीत. शेतकरी घाई करायला लागला की म्हणतात, "थांब भो, आकडा थीर होऊ दे."
प्रसंग पण आहे. ऐन सीझनची रात्र, बाहेर ट्रॅक्टरची रांग. एक ट्रॉली भरलेली मोजली, कापूस उतरवला, रिकामी परत काट्यावर आली. नाना आकड्याकडे बघतच राहिले, कारण ती ट्रॉली रिकामी किती भरते ते त्यांच्या डोक्यात होतं. आकडा अडीच क्विंटलने जास्त. बॅटरी घेऊन बाहेर गेले, तर ट्रॉलीत ताडपत्रीखाली चार मजूर गाढ झोपलेले! भरलेली मोजताना ते ट्रॉलीत नव्हते. तशीच पावती फाडली असती तर त्या शेतकऱ्याचा अडीच क्विंटल कापूस कागदावरून गेला असता. सहा हजारांचा भाव धरला तरी पंधरा हजार रुपये.

जुना_मास्तर
झालं, हेच भाषण! ती तीन पानं बाजूला ठेवा. "प्रामाणिक" हा शब्द एकदाही उच्चारू नका, लोक मनातल्या मनात तो स्वतःच म्हणतील. शेतकऱ्याचं नाव, गाव नको. आकडे दोनच ठेवा, अडीच क्विंटल आणि पंधरा हजार. आणि शेवट नानांकडे तोंड करून करा, सभेकडे नको.

पारोळ्याची_लेक
नाना अहिराणी बोलतात ना? मग ते वाक्य त्यांच्याच बोलीत म्हणा, पण नक्कल नको. आमच्याकडे एकाने रिटायर होणाऱ्या आप्पांचा आवाज काढून दाखवला. सगळे हसले, काकूंचा चेहरा मात्र उतरला.

कपाशीचा_हिशेब
नवा मसुदा. घड्याळ लावून वाचला, दीड मिनिटाच्या वर जातो:

"मालक, काकू, आणि जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. नानांबद्दल बोलायला दोनच मिनिटं आहेत, म्हणून एकाच रात्रीचं सांगतो.
सीझन होता. बाहेर ट्रॅक्टरची रांग. एक ट्रॉली रिकामी होऊन काट्यावर आली. माझ्या हातात पावतीपुस्तक, मागून हॉर्न. मी म्हटलं, नाना, लिहू? नाना म्हणाले, थांब भो, आकडा थीर होऊ दे. आकडा थीर झाला, तरी नाना उठले. बॅटरी घेऊन बाहेर गेले आणि ट्रॉलीतली ताडपत्री उचलली. खाली चार जण घोरत होते.
त्या चौघांचं वजन अडीच क्विंटल. पंधरा हजारांचा कापूस. शेतकऱ्याला काहीच कळलं नसतं. आम्हालाही नसतं. नानांनी चौघांना उठवलं, चहा पाजला, गाडी परत मोजली आणि त्या गाडीबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. आज मीच काढतोय, नाना, रागावू नका.
काकू, सीझनमध्ये नाना घरी उशिरा यायचे, त्याचं एक कारण हे होतं.
नाना, सोमवारी काट्यावर मी बसणार आहे. हॉर्न वाजेल, घाई होईल. तुमच्यासारखं ट्रॉलीचं वजन माझ्या डोक्यात नाही. पण बॅटरी घेऊन उठेन, एवढं नक्की."

जुना_मास्तर
छान जमलंय. एकच, "आम्हालाही नसतं" नंतर क्षणभर थांबा. लोक तिथे हसतील किंवा गप्प होतील, दोन्ही चालेल. हशा धरून दोन मिनिटं होतील. कागद हातात असू द्या, पण शेवटचा परिच्छेद पाठ हवा, नाहीतर नानांकडे बघणार कसं?

शायर_चोपडेकर
चांगलं आहे, मान्य. पण जेवणाचं आमंत्रण घालून संपव की, नाहीतर लोकांना कळणार नाही संपलं म्हणून.

पारोळ्याची_लेक
शाल-श्रीफळ लगेच नंतर ठेवायला सांगा, आपोआप कळेल. मला वेगळी शंका आहे. मालकांसमोर "शेतकऱ्याला कळलं नसतं" म्हटलं तर जिनिंगमध्ये एरवी असंच चालतं, असा अर्थ निघणार नाही का? आधी मालकांना वाचून दाखवा.

जुना_मास्तर
दाखवलं की ते दोन शब्द बदलायला लावतील, आणि नेमके तेच शब्द कामाचे असतील. मी तर नसतं दाखवलं. जे शेतकरी वर्षानुवर्षं याच काट्यावर येतात तेच समोर बसणार आहेत, मालकांची मान वरच होईल.

भुसावळ_लोको
नोकरी तुमची नाही ना जायची, मास्तर! मी म्हणतो दाखव.

कपाशीचा_हिशेब
अजून ठरत नाहीये. मालक सकाळी एकटे चहाला बसतात, तेव्हा प्रसंग तोंडी सांगून बघतो, कागद न दाखवता.