मदत हवी आहे: साडी लाइव्हच्या आठवणीच्या मजकुरात आधी वेळ असावी की साडी?

मी साड्यांची ऑनलाइन विक्री करते आणि दर शनिवारी रात्री ८:३० वाजता इन्स्टाग्रामवर लाइव्ह घेते. आठवणीची पोस्ट आदल्या दिवशी टाकूनही ‘किती वाजता?’ आणि ‘यायचे कसे?’ हेच प्रश्न प्रतिक्रियांत येत राहतात. त्याचे कारण बहुधा असे, की मजकुराच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, आणि माझी वेळ शुभेच्छांच्या खाली दडलेली असे. मजकुरातली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून ती मी काढली. ‘उद्या रात्री’ हे शब्दही काढले, कारण पोस्ट काहींना दोन दिवसांनी दिसते.

आताचा मसुदा असा आहे:

‘शनिवार, १४ तारीख, रात्री ८:३० (भारतीय वेळ): साडी लाइव्ह. नारायणपेठ, इरकल आणि महेश्वरी. प्रत्येक साडीचा काठ व पदर जवळून दाखवू. ८:३० वाजता आमचे प्रोफाइल उघडून वरच्या गोल चित्रावर टॅप करा. आवडलेल्या साडीचा क्रमांक कमेंटमध्ये लिहा.’

प्रत्येक साडीचा एकच नग असतो, त्यामुळे सगळ्या साड्यांची यादी आधी देता येत नाही. स्टोरीत काउंटडाउन स्टिकर मी लावतेच. प्रश्न केवळ पोस्टच्या मजकुराचा आहे. वेळ पहिल्या ओळीत आणल्यापासून वेळेची विचारणा कमी झाली, पण आता नवे लोक थांबून वाचत नाहीत अशी शंका येते. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरून पाहिले आहेत, त्यांनी पहिल्या ओळीत साडीचे नाव आणि वेळ दोन्ही कसे बसवले?