लाइन गेल्यावर अंधारात लहान-मोठ्या पोरांना काय खेळवता? मदत हवी आहे

आमच्या खेड्यात पावसाळ्यात संध्याकाळी लाइन गेली की तीन-चार तास येत नाही. घरात तीन पोरं: चार, आठ आणि तेरा वर्षांची. मागच्या वर्षी धाकटीच्या फ्रॉकला धग लागता लागता वाचली, तेव्हापासून मेणबत्ती बंद. अंगणात विंचवाची भीती, म्हणून खेळ बसूनच हवा.

सध्या ‘हाताने ओळख’ खेळतो. पिशवीत हात घालून वस्तू सांगायची. धाकटीला कांदा, वाटी, कंगवा. मधल्याला तूर की ज्वारी. मोठ्याला तूरडाळ की हरभराडाळ, त्यात तोही चुकतो! दाणे मात्र धाकटीच्या हाती देत नाही. एकदा हरभरा नाकात घालत होती.

अडचण अशी की पाऊण तासात मोठा कंटाळतो. भेंड्या लावल्या तर धाकटीला अक्षरं येत नाहीत, ती रडते. मग तिला मोठ्याच्या जोडीला दिलं: अक्षर त्याने सांगायचं, गाणं तिने म्हणायचं. दोन दिवस छान चाललं, आता तिची गाणी संपली.

तिघांनाही सोबत खेळता येईल असा आवाजाचा किंवा गोष्टीचा खेळ कोणाकडे आहे का? नियमासकट सांगा.