शब्दचर्चा : ‘पिशवी काढून घेतली’ हे इंडोनेशियनमध्ये कसं न्यावं?

कातरवेळ
बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखतींची लिखितं मी इंडोनेशियनमध्ये करतेय. जावातल्या ऊसपट्ट्यात काम करणारा एक गट ती वाचणार आहे. त्यांना मराठी येत नाही आणि इंग्रजीतून फिरून आलेला मजकूर नको आहे. अट अशी की बाई अडखळली तर ते अडखळणं दिसलं पाहिजे, बोली सपाट व्हायला नको, आणि अर्थाला तर धक्काच नको. एका वाक्यावर तीन दिवस अडकले आहे. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून देते :

“मंग ते... हे... (२) पिशवी काढून घेतली बगा. सारखा खाडा पडायला लागला. डाक्टर म्हनला कॅन्सर हुतो म्हने. आपल्याला काय कळतंय?”

कंसातला आकडा म्हणजे दोन सेकंदांची शांतता. ‘पिशवी’, ‘काढून घेतली’ आणि ‘आपल्याला’ या तिन्हींवर मत हवंय. इंडोनेशियन शब्द देवनागरीत लिहिलेत तरी चालतील.

उगाचएक
पिशवीला तास. प्लॅस्टिकची असेल तर कान्तोंग. बालीला गेलो होतो तेव्हा दुकानात रोज ऐकलाय. यात तीन दिवस अडकण्यासारखं काय आहे?

कातरवेळ
अहो, बाजारची नाही. गर्भाशयाची पिशवी!

उगाचएक
अरे देवा. माफ करा. गप्प बसून वाचतो.

माजलगावकर
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडच्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांचं हे ऑपरेशन झालेलं निघालं. माझ्या चुलतीचंही झालंय, पस्तिशीच्या आत. घरात ‘गर्भाशय’ हा शब्द कुणी उच्चारला नाही, कायम ‘पिशवी’च. आणि खाडा म्हणजे नुसती गैरहजेरी नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस आजारी पडली की कोयत्याचा खाडा, आणि मुकादम उचलीतून पैसे कापणार. आमच्याकडं दिवसाला पाचशे कापायचे. म्हणजे दुखणं तिचं नि दंड दोघांना.

सुराबायारिटर्न
सहा वर्षं सुराबायाला कापडाच्या धंद्यात होतो, म्हणून बोलतो. ‘ते... हे...’ ला तिकडं सरळ ‘आनू’ म्हणतात. शब्द आठवला नाही की आनू, अगदी आपल्या ‘ते हे’सारखं. ‘आपल्याला’ला ‘किता’. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ म्हणजे किता, त्याला वगळून ‘आम्ही’ म्हणजे कामी. हिंदी-इंग्रजीवाल्यांना हा फरक शिकवावा लागतो, आपल्याला नाही. आणि बोलीचं म्हणाल तर सगळं जावानी वळणाचं करून टाका, न्दाक, वोंग, तो वगैरे. पूर्व जावातले तोडणारे असंच बोलतात.

शब्दकोडं
‘आनू’चा अर्थ बरोबर आहे, पण या वाक्यात ते घालू नका. ‘आनू’ हा आडपडद्याचाही शब्द आहे. ‘आनून्या’ म्हटलं की इंडोनेशियन माणसाच्या डोक्यात थेट गुप्तांग येतं. अवयवाचा उल्लेख पुढच्याच शब्दात येणार असताना तिथं आनू टाकलंत, तर बाई लाजून काही सूचक बोलतेय असं वाचलं जाईल. ती तसं बोलत नाहीये. ‘आपा या’ घ्या, म्हणजे ‘काय बरं’.

‘आपण’ म्हणजे किता हे निम्मंच खरं. ‘आपल्याला काय कळतंय’ मधला ‘आपण’ ऐकणाऱ्याला धरून नाही. ती स्वतःलाच खाली घेऊन बोलतेय. ‘किता’ लिहिलंत तर समोर बसलेल्या संशोधक बाईंनाही काही कळत नाही असा अर्थ निघेल. ‘साया माना ताहू’ चालेल, मला कुठलं कळायला. पण ते फक्त तिच्या एकटीचं होतं. तिला ‘आमच्यासारख्या तोडणाऱ्या बायांना’ असं म्हणायचं असेल तर ‘ओरांग सपेर्ती कामी माना ताहू’. कुठलं खरं ते एका ओळीवरून सांगता येणार नाही. विश्लेषण करणारा मात्र पहिल्याला ‘वैयक्तिक अज्ञान’ म्हणून खूण करेल आणि दुसऱ्याला ‘समूहाची परिस्थिती’ म्हणून. म्हणून मागची-पुढची पानं बघा.

सुराबायारिटर्न
आनूचा दुसरा अर्थ माहीत होता, इथं लक्षात आला नाही. मान्य. पण किता ‘मी’ म्हणूनही चालतं, मनाडोचा आमचा ड्रायव्हर कायम स्वतःला किता म्हणायचा.

शब्दकोडं
मनाडोकडच्या बोलीत हो. वाचणारे जावातले आहेत.

कातरवेळ
‘खाडा’ची माझी फजिती सांगते. पहिल्या मसुद्यात मी ‘बोलोस’ लिहिलं होतं. दुसऱ्या एका भाषांतरकाराला मूळ न दाखवता तो मजकूर उलट मराठीत करायला दिला. परत आलं ते असं : “मी सारखी दांडी मारायला लागले.” वाचून घाम फुटला. दुखण्यानं पडलेली बाई माझ्या एका शब्दानं कामचुकार झाली होती.

माजलगावकर
मुकादमही तेच म्हणायचा तिला. वेगळं काय झालं?

शब्दकोडं
मराठीत खाडा ‘पडतो’, कुणी पाडत नाही. त्याला जवळचा इंडोनेशियन शब्द ‘केना’. काही तरी अंगावर येणं, वाट्याला येणं. ‘केना पोतोंग’ म्हणजे पैसे कापले गेले, झळ बसली. गैरहजेरीसाठी आधी साधं ‘न्गाक मासुक’ आणि मग ‘केना पोतोंग’. दोन शब्द झाले तरी चालतील, दोष तिच्यावर जात नाही. मुकादमाला ‘मांदोर’, उचलीला ‘कासबोन’, हे ऊसवाल्यांना सहज कळेल. ‘कोयता’ मात्र तसाच ठेवा आणि शब्दसूचीत एकदा लिहा की तो हत्यारही आहे आणि जोडप्याचं मोजमापही.

कातरवेळ
आणि पिशवी?

शब्दकोडं
‘कान्तोंग’ शब्दशः केलंत तर पित्ताशय की मूत्राशय, असा गोंधळ होईल, कारण त्या दोन्हींना कान्तोंगच लावतात. ‘कांदुंगान’ घरगुती वाटतो, स्त्रीरोगतज्ज्ञाला ‘दोक्तर कांदुंगान’च म्हणतात. पण कांदुंगान म्हणजे गरोदरपणसुद्धा, आणि ‘गुगुर कांदुंगान’ म्हणजे गर्भपात. ते वापरलं तर वाचणारा पोट पाडण्यापर्यंत जाऊ शकतो. ‘पेरानाकान’ जुन्या बायकांच्या तोंडी आहे, पण हल्लीच्या वाचकाला त्यावरून आधी चिनी-मलय मिश्र घराणी आठवतात. उरला ‘रहिम’. तो डॉक्टरही म्हणतो आणि शेजारीणही. आपल्या ‘पिशवी’ची ओल त्यात नाही, पण चुकीचंही काही नाही.

आता खरा पेच ‘काढून घेतली’. तुम्ही काय लिहिलंय?

कातरवेळ
‘रहिम साया दिआंकात’. माझं गर्भाशय काढलं गेलं.

माजलगावकर
ते तिचं वाक्य नाही. आमच्याकडं ‘दाढ काढून घेतली’, ‘नसबंदी करून घेतली’ असं म्हणतात. म्हणजे जाऊन करवून घेतलं. तिच्यावर कुणी केलं, एवढंच ती सांगत नाहीये.

उगाचएक
पण ‘डॉक्टरनं काढून घेतली’ असंही होईल ना? म्हणजे हिसकावल्यासारखी?

शब्दकोडं
चांगला प्रश्न. कर्ता गाळला की दोन्ही वाचनं उभी राहतात, आणि अशा मुलाखतीत सगळं त्याच फटीत असतं. ‘दिआंकात’ने तिचा हात वाक्यातून गेला. ‘मिन्ता दिआंकात’ केलंत तर तिनं मागणी केली असं होईल, ते ती बोललेलीच नाही. मला ‘साया आंकात रहिम’ जवळचं वाटतं. इंडोनेशियनमध्ये ‘साया पोतोंग राम्बुत’ म्हणजे मी केस कापले, पण कापतो न्हावीच. तसंच ‘साया ओपेरासी’ म्हणजे माझं ऑपरेशन झालं. कात्री कुणाच्या हातात होती आणि ठरवलं कुणी, दोन्ही मोकळं राहतं. आपल्या ‘काढून घेतली’सारखंच.

कातरवेळ
पण मग शांतता कुठं ठेवू? मराठीत क्रियापद शेवटी. ती दोन सेकंद थांबते, मग ‘पिशवी’ येते आणि पुढचं एका दमात. ‘साया आंकात... आपा या... (२) रहिम’ केलं तर ‘काढलं’ आधीच बोलून झालं, अडखळणं फक्त अवयवाच्या नावापुरतं उरतं. ‘आपा या... (२) रहिम साया दिआंकात’ केलं तर क्रम अगदी मुळासारखा बसतो, पण तिचा हात जातो.

शब्दकोडं
म्हणजे क्रम राखायचा तर ‘दिआंकात’, कर्तेपण राखायचं तर ‘आंकात’. मी स्वतः कर्तेपण राखेन. शांतता ज्या शब्दाला अडवते त्याला चिकटवायची, जागेला नाही, हा माझा नियम. पण एक कबूल करतो, इंडोनेशियन वाचकाला ‘दि’चं रूप रोजचं आहे. आपल्याला ‘काढलं गेलं’ जितकं परकं आणि कागदी वाटतं तितकं त्यांना वाटत नाही. त्यामुळे तुमचा मसुदाही कुणी चूक ठरवणार नाही.

सुराबायारिटर्न
बोलीचं राहिलंच. माझं जावानी वळण का नको?

शब्दकोडं
कारण मग ती बाई बीडची राहत नाही, केदिरीची होते. जावानी बोलीत कोण कुणाशी कुठल्या पायरीवर बोलतं याची स्वतःची उतरंड आहे, तीही सोबत येईल. पुस्तकी ‘तिदाक’, ‘सुदाह’ टाळा, ‘न्गाक’, ‘उदाह’, ‘गितू’ घ्या. बोलल्यासारखं वाटेल आणि गाव चिकटणार नाही.

सुराबायारिटर्न
गाव कसं चिकटणार नाही? न्गाक-उदाह हे जकार्ताचंच! टीव्हीमुळे सगळीकडं पोचलं म्हणून त्याला कुठलंच नाही म्हणायचं? ‘व्हय-न्हाई’ म्हणणाऱ्या बाईला तुम्ही शहरात आणून बसवलं.

शब्दकोडं
यात तथ्य आहे. माझ्याकडं याला पुरं उत्तर नाही. म्हणून शेजारच्या रकान्यात मूळ मराठी ओळ आणि ओळक्रमांक ठेवायचाच, कुणाला शंका आली तर विचारता येतं.

माजलगावकर
‘म्हने’ सोडू नका. डॉक्टरचं बोलणं ती हातभर लांब धरून सांगतेय.

शब्दकोडं
‘कातान्या’. ऐकीव गोष्टीलाही तेच, ‘तो म्हणाला’लाही तेच. इथं फुकट जुळून आलंय.

कातरवेळ
काल रात्री ते ध्वनिमुद्रण हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. त्या दोन सेकंदांत दाराची कडी वाजते आणि एका पुरुषाचं खोकणं ऐकू येतं. लिखितात फक्त (२) होतं. ती शब्द शोधत नव्हती, कुणी तरी आत आलं होतं. म्हणजे ‘आपा या’ काढावं लागेल, कारण त्यानं शब्द आठवत नसल्याचं सुचतं. शांततेसोबत ‘दार वाजतं, पुरुषाचा खोकला’ अशी नोंद टाकतेय. पण ‘ते... हे...’ कडी वाजण्याआधीच आहे. त्याला काय लिहू?

माजलगावकर
कडी वाजायच्या आधी पावलं वाजली असतील की.