मदत हवी आहे: बोलून टाइप केलेला मराठी मजकूर साफ कसा करावा?

अंबाझरी
नमस्कार मंडळी. काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेवर मोठा लेख लिहिते आहे. पहिला खर्डा गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगने, भाषा ‘मराठी’ ठेवून बोलून काढला. वेग छान मिळाला, पण आलेला मजकूर असा आहे:

> मृग बाहेर घ्यायचा म्हणून बाबांनी बाग तानावर सोडली पूर्णविराम झाडाची पान सुकली पूर्ण विराम गडी म्हणाला मला काही पटत नाही काका इतका तान कायले देता

मी बोलले होते ‘मृग बहार’, ‘ताण’, ‘पानं’ आणि ‘मले’. असे बरेच परिच्छेद आहेत. सगळं हाताने दुरुस्त करायचं, की काही युक्ती आहे?

खामला
ताई, ‘पूर्णविराम’ म्हटलं की टिंब यायला पाहिजे. माझ्या मोबाइलवर येतं. तुमचं सेटिंग पाहा. बाकी सोपं आहे, कंट्रोल एच दाबा आणि ‘मला’चं ‘मले’, ‘तान’चं ‘ताण’, ‘केले’चं ‘केलं’ असं सगळीकडे एका झटक्यात बदलून टाका.

मुद्रितशोधक
खामलाभाऊ, मोबाइलच्या कीबोर्डवर येत असेल, पण डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगमध्ये विरामचिन्हांचे आदेश काही मोजक्याच भाषांत चालतात, मराठीत नाही. त्यामुळे तो शब्दच उमटतो. ताईंचं सेटिंग बरोबर आहे. उलट तो शब्द उमटतो हे सोयीचंच, कारण वाक्य कुठे संपलं याची खूण राहते.

ताई, आधी कच्च्या मजकुराची एक प्रत वेगळी ठेवा. मग ‘शोधा आणि बदला’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण करून हे शोधा आणि त्या जागी नुसतं टिंब द्या:

```
 *पूर्ण ?विराम
```

सुरुवातीची मोकळी जागा आणि तिच्यापुढची तारका दोन्ही विसरू नका, नाहीतर टिंब शब्दापासून सुटं पडतं. जोडून आणि तोडून आलेले दोन्ही ‘पूर्णविराम’ यात सापडतात. स्वल्पविराम मात्र बोलूच नका. बोलताना लय तुटते आणि अर्धे चुकीच्या जागी पडतात. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर थांबतं, त्यामुळे वाचताना ते हाताने घालणं जड जात नाही.

आता एका झटक्यात बदलण्याबद्दल. ‘तानावर’, ‘तान’ बिनधास्त बदला, फक्त अख्खा शब्द शोधा, नाहीतर ‘तहान’ सुटेल पण ‘संतान’ अडकेल. ‘मृग बाहेर’ ही जोडीही सुरक्षित, मात्र एकटा ‘बाहेर’ बदलू नका. ‘केले’ला हात लावायचा नाही. ‘बाबांनी काम केले’ तिथे ‘केलं’ चालेल, पण ‘खड्डे तयार केले’ हे अनेकवचन आहे, ते ‘केलं’ झालं की वाक्यच चुकलं. हे एकेक पाहूनच ठरवावं लागतं. ‘पान सुकली’ मात्र पटकन सापडतं, कारण क्रियापद अनेकवचनी आणि नाम एकवचनी.

‘मला’ची गोष्ट सगळ्यात वाईट. स्पेलिंग तपासणी तिथे कधीच लाल रेघ मारणार नाही, कारण शब्द शुद्ध आहे. यंत्राने बोलीतला शब्द गुपचूप प्रमाण भाषेत नेला, आणि तुमच्या स्वतःच्या निवेदनातही ‘मला’ आहेच. सगळे बदलले तर तुम्हीही गड्यासारखं बोलू लागाल.

बर्डीवाला
मलाही हेच विचारायचं होतं! माझ्याकडे मामांच्या मुलाखतीची रेकॉर्डिंग आहे. ती स्पीकरवर लावून लॅपटॉपसमोर ठेवली, तर दर वाक्यात निम्मे शब्द गायब. मामा वऱ्हाडी बोलतात म्हणून असेल का?

मुद्रितशोधक
बोलीचा भाग असेल, पण आधी स्पीकर आणि खोलीचा आवाज हे कारण पाहा. कानाला इयरफोन लावा, दोन वाक्यं ऐका, थांबवा आणि तुमच्या आवाजात माइकसमोर म्हणा. वेळ लागतो, पण मजकूर कितीतरी स्वच्छ येतो. ताईंचा प्रश्न वेगळा आहे.

अंबाझरी
दादा, पूर्णविरामाचं लगेच करून पाहिलं, सगळे बदलले. पण मग संवादांचं काय करू? गड्याच्या तोंडी ‘कायले’ राहिलं आणि ‘मले’ गेलं, हे वाचायला फार खटकतं. त्याची भाषा बदलली तर तो माणूसच राहत नाही.

मुद्रितशोधक
संवाद बोलूच नका. तिथे ‘संवाद गडी’ एवढंच म्हणा आणि पुढे चला. नंतर तो शब्द शोधत जा आणि गड्याचं बोलणं हाताने टाइप करा. आधीच बोलून झालेल्या भागांसाठी आठवण ताजी असताना मोठ्याने वाचणं हाच उपाय. पुढच्या वेळी शेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगवर ठेवा, म्हणजे शंका आली की ऐकता येईल.

खामला
मला नाही पटत. एवढं थांबत थांबत बोलायचं, तर लेखाचा ओघ राहील का? मी तर संवादही बोलून काढीन आणि तेवढेच परिच्छेद पिवळे करून ठेवीन.

अंबाझरी
खामलाभाऊ, तेही करून पाहते. गड्याचे संवाद एका प्रकरणात वगळते, दुसऱ्यात पिवळे करते. ‘बहार’ प्रत्येक वेळी ‘बाहेर’ होऊ नये यासाठी कोणाला काही सुचत असेल, तर सांगा. ‘आंबिया बहार’ असं जोडून म्हटलं तरी तेच येतंय.